TOTAL2 शिखराजवळ, माझे कॉइन तळाशी: हा चार्ट नेमके काय मोजतो?

सांजवारा (धागाकर्ता)

बिटकॉइन वगळून उरलेल्या साऱ्या कॉइनांचे एकूण मार्केट कॅप दाखवणारा TOTAL2 हा चार्ट मी गेली काही वर्षे नियमित पाहतो. ऑल्टकॉइनांचा एकंदर कल कोणत्या दिशेला आहे, हे कळण्यासाठी मी त्याच्यावरच विसंबून राहिलो. डिसेंबर २०२४मध्ये तो साधारण १६५० अब्ज डॉलरपर्यंत गेला, म्हणजे नोव्हेंबर २०२१च्या सुमारे १७०० अब्जांच्या उच्चांकापासून हाकेच्या अंतरावर आला. 'आता जुना उच्चांक ओलांडला की सगळेच कॉइन धावणार' असे मानून मी चार लहान कॉइनांत रक्कम घातली. ते चारही कॉइन तेव्हाच आपापल्या २०२१च्या भावाच्या निम्म्याहून खाली होते आणि मला ती 'मागे राहिलेली संधी' वाटली. पुढच्या चार महिन्यांत TOTAL2 हजार अब्जांखाली उतरला, माझे कॉइन त्याहून कितीतरी जास्त उतरले.

भाव पडतात याबद्दल माझी तक्रार नाही. माझा प्रश्न एवढाच आहे की चार्ट जवळजवळ शिखरावर असताना बहुतेक कॉइन शिखराच्या आसपासही नव्हते, तर मग हा चार्ट 'एकंदर' कल दाखवतो असे कशाच्या आधारे म्हणायचे? मी वाचण्यात चुकलो की चार्टमध्येच काही गोम आहे?

---

उंबरठा

गोम आहे आणि ती सर्वांना ठाऊक आहे. TOTAL2मध्ये इथर आहे आणि इथर एकटाच त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. त्यामुळे आपण पाहत होता तो बराचसा इथरचाच चार्ट होता. TOTAL3 लावा, त्यात बिटकॉइन आणि इथर दोन्ही वगळलेले असतात. प्रश्न मिटला.

---

नवखा_पक्षी

मला एक विचारायचे आहे. हे TOTAL2 विकत कुठे मिळते? सगळे ऑल्टकॉइन एकदम घेता येत असतील तर चार वेगवेगळे निवडण्याची कटकटच नको.

---

तिरकस

@नवखा_पक्षी, ते विकत मिळत नाही. ती फक्त एक बेरीज आहे. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टांच्या संकेतस्थळावर वरच्या १२५ कॉइनांच्या मार्केट कॅपची बेरीज TOTAL या नावाने असते आणि तीतून बिटकॉइन काढला की TOTAL2 उरतो. कोणीही ही बेरीज विकत नाही आणि कोणी घेतही नाही. माझा मूळ आक्षेपही इथूनच सुरू होतो, पण तो नंतर मांडतो.

---

वजाबाकी

सांजवारा, आपला प्रश्न योग्य आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. उंबरठा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. इथर काढल्याने एक अडचण दूर होते, पण दुसरी वाढते, कारण TOTAL3मध्ये डॉलरला बांधलेले स्टेबलकॉइन तसेच राहतात आणि एकूण लहान झाल्यामुळे त्यांचा वाटा मोठा होतो.

आपण म्हणता ते दोनच क्षण घेऊन वजाबाकी करून पाहू. आकडे गोल केलेले आहेत, पाच-दहा अब्जांचा फरक पडला तरी निष्कर्ष बदलत नाही.

नोव्हेंबर २०२१च्या शिखरावर TOTAL2 साधारण १७०० अब्ज होता. त्यात USDT आणि USDC हे दोन स्टेबलकॉइन मिळून सुमारे १०७ अब्ज होते. ते काढले की १५९३ उरतात. डिसेंबर २०२४मध्ये TOTAL2 साधारण १६५० होता, पण तोवर USDT आणि USDC मिळून सुमारे १८० अब्ज झाले होते. ते काढले की १४७० उरतात. म्हणजे चार्टवर जो फरक तीन टक्के दिसत होता तो प्रत्यक्षात आठ टक्क्यांच्या जवळ होता. शिखर 'हाकेच्या अंतरावर' दिसण्याचे पहिले कारण हे.

आता इथर काढा. २०२१मध्ये तो सुमारे ५६५ अब्ज होता, डिसेंबर २०२४मध्ये सुमारे ४८०. उरले १०२८ आणि ९९०. इथपर्यंत चित्र बरे दिसते, किंबहुना इथर काढल्यावर सुधारल्यासारखेच वाटते. पण आणखी एक पायरी उतरा आणि सोलाना व एक्सआरपी हे दोनच कॉइन काढा. २०२१मध्ये दोघे मिळून सुमारे १३० अब्ज होते. डिसेंबर २०२४मध्ये, विशेषतः एक्सआरपीने काही आठवड्यांत मारलेल्या उडीनंतर, दोघे मिळून सुमारे २५० अब्ज झाले. ते वजा केल्यावर २०२१चे ८९८ आणि डिसेंबर २०२४चे ७४० उरतात.

म्हणजे उरलेली शंभराहून जास्त कॉइनांची गर्दी आपल्या जुन्या शिखरापेक्षा जवळजवळ अठरा टक्के खाली होती. शिवाय या ७४० अब्जांत सुई, ॲप्टॉस, आर्बिट्रम असे कॉइन आहेत, जे २०२१मध्ये बाजारात नव्हतेच. ते बाजूला ठेवले तर २०२१च्या जुन्या कॉइनांची अवस्था आणखी वाईट दिसेल. आपले चार कॉइन बहुधा याच गर्दीतले असावेत. चार्ट खोटे बोलला नाही. त्याने बेरीज दाखवली आणि आपण ती सरासरी समजून वाचलीत.

---

सांजवारा

'बेरीज सरासरी समजून वाचली' हे अगदी मान्य. चारही कॉइन त्याच गर्दीतले होते. ही वजाबाकी चार्टवर करता येते का, की दर वेळी वही घेऊन बसायचे?

---

वजाबाकी

येते. चिन्हाच्या चौकटीत सूत्र टाइप केले की झाले:

```
CRYPTOCAP:TOTAL2-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC
```

एक काळजी घ्यावी. अशा सूत्राने बनलेल्या कँडलची वरची-खालची टोके खरी नसतात, कारण प्रत्येक घटकाचा दिवसभराचा उच्चांक वेगळ्या क्षणी आलेला असतो आणि सूत्र मात्र उच्चांकातून उच्चांक वजा करते. त्यामुळे कँडलऐवजी क्लोझिंगची रेषा लावावी, तीही साप्ताहिक. आणि मापपट्टी लॉगरिदमिक ठेवावी. नाहीतर २०१७-१८चा सारा चढउतार तळाशी चिकटलेल्या एका रेघेसारखा दिसतो.

---

कोरडा_पाऊस

स्टेबलकॉइनमुळे आकडा फुगतो हे मीही बरेच दिवस मानत आलो आहे आणि म्हणूनच TOTAL2कडे पाहणे सोडून दिले. चढत्या बाजारात लोक नवे USDT आणतात, आकडा फुगतो आणि आपण त्याला तेजी म्हणतो.

---

वजाबाकी

हा गैरसमज मलाही होता, म्हणून नीट सांगतो. स्टेबलकॉइन चार्टला फक्त फुगवत नाहीत, ते त्याची हालचाल दोन्ही बाजूंनी बोथट करतात.

२०२२ संपताना TOTAL2 साधारण ४८० अब्ज होता आणि त्यात USDT व USDC मिळून सुमारे ११० अब्ज होते, म्हणजे जवळजवळ पाव हिस्सा. २०२१च्या शिखरावर हाच वाटा सहा टक्क्यांच्या आसपास होता. इतर सारे कोसळले, पण एका डॉलरला बांधलेले कॉइन भावाने खाली येत नाहीत, त्यामुळे तळ उंचावलेला दिसला. चार्टवर १७०० वरून ४८० म्हणजे ७२ टक्के घसरण दिसते. स्टेबलकॉइन वगळून पाहिले तर १५९३ वरून ३७०, म्हणजे सुमारे ७७ टक्के. पाच टक्क्यांचा फरक किरकोळ वाटेल, पण उरलेल्या पैशाच्या हिशेबाने पाहिले तर शंभरातले अठ्ठावीस उरणे आणि तेवीस उरणे यांत बरेच अंतर आहे.

आता उलट बाजू. २०२३च्या अखेरीस TOTAL2 साधारण ८२० अब्ज होता, म्हणजे वर्षभरात सुमारे १.७ पट. त्यातून स्टेबलकॉइन काढले तर ३७० चे सुमारे ७०४ झाले, म्हणजे १.९ पट. इथे मूळ चार्टने तेजी कमी करून दाखवली. 'फुगतो' या एका शब्दात हे बसत नाही.

---

उंबरठा

मान्य, TOTAL3 वरचा माझा प्रतिसाद घाईचा होता. पण मग १.९ पट ही तेजीच झाली ना? २०२३मध्ये ऑल्टकॉइनांचा कल वरचा होता असे म्हणायला काय हरकत आहे?

---

वजाबाकी

डॉलरमध्ये मोजला तर वरचा, यात वाद नाही. पण त्याच वर्षात बिटकॉइन १६,५०० डॉलरच्या आसपासून ४२,००० च्या वर गेला, म्हणजे अडीच पटींहून जास्त. आपण बिटकॉइन न घेता ऑल्टकॉइन घेतले, जोखीम जास्त पत्करली आणि हातात कमी आले. TOTAL2 चा डॉलरमधला चार्ट हे दाखवूच शकत नाही, कारण बिटकॉइन चढला की बहुतेक कॉइन थोडेफार त्याच्याबरोबर ओढले जातात. ऑल्टकॉइनांची स्वतःची ताकद किती, हे पाहायचे असेल तर भागाकार करावा लागतो:

```
(CRYPTOCAP:TOTAL2-CRYPTOCAP:USDT-CRYPTOCAP:USDC)/CRYPTOCAP:BTC
```

२०२३च्या सुरुवातीला हे गुणोत्तर सुमारे १.१६ होते, अखेरीस सुमारे ०.८५. वर्षभर डॉलरचा चार्ट चढत होता आणि हा उतरत होता. दोन्ही रेषा एकाखाली एक ठेवून पाहिल्याशिवाय मी तरी आता 'ऑल्टकॉइनांची तेजी' हा शब्द वापरत नाही. दोन्ही चढत असतील तरच तो शब्द.

---

कोरडा_पाऊस

यासाठी एकूण बाजारातला बिटकॉइनचा वाटा दाखवणारा डॉमिनन्सचा चार्ट, म्हणजे BTC.D, आहेच की. मी TOTAL2/BTC आणि BTC.D दोन्ही लावतो. दोघांनी एकच सांगितले की खात्री दुप्पट होते.

---

तिरकस

दुप्पट कशी होईल? बिटकॉइनचा वाटा ४० टक्के असेल तर उरलेल्यांचा ६० टक्के, म्हणजे TOTAL2/BTC हे ६० भागिले ४०, दीड. वाटा ५० झाला की गुणोत्तर एक. एका आकड्यावरून दुसरा सरळ काढता येतो. एकाच माणसाला दोनदा साक्षीला उभे केल्यासारखे आहे हे.

---

वजाबाकी

तिरकस यांच्या म्हणण्यात एवढीच भर घालतो की BTC.D च्या छेदातही स्टेबलकॉइन बसलेले असतात. बाजार कोसळताना लोक USDTमध्ये शिरले आणि नवे USDT तयार झाले, तर बिटकॉइनचा वाटा घटल्यासारखा दिसू शकतो. तो घटला म्हणून पैसा ऑल्टकॉइनांत गेला, असे समजून खरेदी करणारे मी पाहिले आहेत. म्हणूनच वरच्या सूत्रात आधी वजाबाकी आणि मग भागाकार आहे. हे दुसरे गुणोत्तर BTC.D वरून सरळ निघत नाही, त्यामुळे ते लावण्यात अर्थ आहे.

---

कोरडा_पाऊस

ठीक. माझा अनुभव मात्र वेगळ्याच कारणाने कडू आहे. माझ्याकडे एक कॉइन होता, नाव घेत नाही. दोन वर्षांत त्याचे मार्केट कॅप जवळजवळ तेवढेच राहिले, मी दर आठवड्याला तपासत होतो आणि 'टिकून आहे' म्हणून निश्चिंत होतो. भाव मात्र निम्म्यावर आला. सुरुवातीच्या गुंतवणूकदारांचे आणि संस्थापकांचे रोखून ठेवलेले टोकन दर महिन्याला मोकळे होत होते, हे मला फार उशिरा कळले. म्हणून विचारतो, TOTAL2मध्येही हेच होत असणार ना?

---

वजाबाकी

होते, आणि या धाग्यातला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. मार्केट कॅप म्हणजे भाव गुणिले चलनात असलेले टोकन. टोकन वाढले आणि भाव तेवढाच राहिला, तरी बेरीज वाढते.

सोलानाचेच पाहा. नोव्हेंबर २०२१मध्ये भाव सुमारे २६० डॉलर होता आणि चलनात सुमारे ३० कोटी टोकन होते, म्हणजे ७८ अब्ज. मार्च २०२४मध्ये भाव २०० डॉलरच्या आसपास होता, पण टोकन सुमारे ४४ कोटी झाले होते, म्हणजे ८८ अब्ज. मार्केट कॅपने नवा उच्चांक केला होता आणि भाव जुन्या उच्चांकापेक्षा वीस टक्क्यांहून खाली होता. २०२१च्या शिखरावर घेणारा माणूस तेव्हाही तोट्यातच होता. TOTAL2च्या दृष्टीने मात्र सोलाना 'शिखर ओलांडून' गेला होता. आणि हा यशस्वी कॉइन आहे. ज्यांचे बहुतेक टोकन अजून रोखलेले आहेत त्यांची गत कोरडा_पाऊस यांनी सांगितलीच आहे.

शेअर बाजाराच्या निर्देशांकात याची सोय असते. कंपनीने नवे शेअर काढले किंवा यादीत नवी कंपनी आली, तर विभाजक असा बदलतात की निर्देशांक केवळ त्या कारणाने हलू नये. TOTAL2ला विभाजकच नाही. ती निखळ बेरीज आहे. नवा मोठा टोकन यादीत आला की त्याचे सारे मार्केट कॅप चार्टमध्ये जमा होते, कोणत्याही जुन्या कॉइनचा भाव एका पैशाने न हलता. म्हणून २०२१ आणि २०२४ची शिखरे एका आडव्या रेषेने जोडणे मी बंद केले आहे. जितके अंतर लांब, तितकी ती रेषा निरर्थक. तीन-चार महिन्यांच्या कलासाठी मात्र ही त्रुटी सहसा सहन करण्याजोगी असते.

---

तिरकस

आता माझा राखून ठेवलेला आक्षेप. आडवी रेषा लांब पल्ल्यासाठीच नव्हे, कुठल्याच पल्ल्यासाठी लागू नाही, असे माझे मत आहे. एखाद्या कॉइनच्या भावात प्रतिकार पातळी का असते? कारण त्या भावाला विकण्याच्या ऑर्डरी खरोखर लागलेल्या असतात आणि तिथे घेऊन अडकलेली माणसे असतात. १७०० अब्जांना कोणाची ऑर्डर लागली आहे? त्या चार्टवर 'ब्रेकआउट' झाला म्हणणे म्हणजे शंभर गावांच्या पावसाची बेरीज करून धरण कधी भरेल ते सांगण्यासारखे आहे.

---

उंबरठा

पण हजारो लोक तीच रेषा पाहून निर्णय घेतात, हेही खरे ना? मग तिला वजन येणारच.

---

वजाबाकी

मी दोघांच्या मध्ये आहे. डिसेंबर २०२४मध्ये TOTAL2 थबकला तेव्हा इथर ४००० डॉलरच्या किंचित वर जाऊन परतत होता, आणि मार्च २०२४मध्येही तो तिथूनच परतला होता. ४००० ला ऑर्डरी खऱ्या असतात. ज्या बेरजेत इथरचा वाटा सुमारे तीस टक्के आहे, तिथे इथरची भिंत थोडीफार उमटणारच. म्हणून TOTAL2वर एखादी पातळी दिसली की मी आधी त्या दिवशी इथर कुठे होता ते पाहतो. तिचा उगम तिथे सापडला तर ती पातळी इथरची समजतो. नाही सापडला तर सोडून देतो.

---

तिरकस

म्हणजे शेवटी इथरचाच चार्ट पाहता. माझे म्हणणे फारसे वेगळे नव्हते.

---

सांजवारा

वाद रंगला आहे, पण मला एक व्यवहारातले सांगा. बेरीज काही थोड्या कॉइनांवर चढते आहे की सर्वांवर, हे त्या त्या वेळी कसे ओळखायचे? तीन वर्षांनी वजाबाकी करून कळले तर काय उपयोग?

---

वजाबाकी

मी हाताने मोजतो. स्टेबलकॉइन आणि WBTC, stETH यांसारखे दुसऱ्या कॉइनला बांधलेले टोकन वगळून वरचे चाळीस कॉइन घेतो. दर रविवारी त्यांतले किती आपापल्या २०० दिवसांच्या सरासरीच्या वर बंद झाले, तेवढेच वहीत लिहितो. TOTAL2 नवा उच्चांक करतो आहे आणि ही संख्या आधीच्या उच्चांकाच्या वेळेपेक्षा कमी आहे, असे झाले की चढ मूठभर कॉइनांवर उभा आहे असे मी समजतो. संख्येची अमुक एक मर्यादा शास्त्रीय आहे असा माझा दावा नाही. मी पंचवीस धरतो, ती सवय आहे.

यात एक फसगत आहे, ती सांगायलाच हवी. चाळिसांची यादी दर आठवड्याला नवी घेतली तर पडलेले कॉइन आपोआप यादीबाहेर जातात आणि संख्या चांगली दिसते. मे २०२२मध्ये लुना काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आली. आठवडाभरानंतरची यादी पाहणाऱ्याला तिचे नावही दिसले नसते. म्हणून यादी वर्षातून दोनदाच बदलावी आणि मधल्या काळात मेलेला कॉइन 'खाली' म्हणूनच मोजावा.

---

नवखा_पक्षी

मी जरा वेगळे विचारतो. TOTAL2 चढत असताना एखादा कॉइन घ्यायचा असेल, तर जो मागे राहिला आहे तो घ्यावा की जो पुढे आहे तो? वर सांजवारा यांनी मागे राहिलेला घेतला होता.

---

कोरडा_पाऊस

मागे राहिलेला मुळीच नको, एवढे मी माझ्या पैशाने शिकलो आहे.

---

तिरकस

एका कॉइनच्या अनुभवावर नियम बनवू नका. २०२४मध्ये एक्सआरपी वर्षाच्या बहुतेक काळात मागे राहिलेलाच होता आणि नोव्हेंबरनंतर त्यानेच बहुतेकांना मागे टाकले. या प्रश्नाचे उत्तर TOTAL2मध्ये नाही. स्वतंत्र धागा काढा.

---

सांजवारा

काल रात्री वजाबाकी यांनी सांगितल्याप्रमाणे माझ्या चारही कॉइनांचे जुने आणि नवे टोकन ताडून पाहिले. दोघांचे चलनातले टोकन २०२१पेक्षा दुपटीहून जास्त झाले आहेत. म्हणजे त्यांनी जुना भाव पुन्हा गाठायचा तर मार्केट कॅप जुन्या शिखराच्या दुप्पट व्हावे लागेल, आणि मी मात्र 'निम्म्यावर आहे, दुप्पट होईल' असा हिशेब करून बसलो होतो. तिसऱ्याचे टोकन फारसे वाढलेले नाहीत. चौथ्याच्या बाबतीत दोन संकेतस्थळे चलनातल्या टोकनांचे दोन वेगळे आकडे देत आहेत आणि फरक जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याचा आहे. यातला कोणता धरायचा?

---

वजाबाकी

प्रकल्पाच्या राखीव खात्यातले टोकन एक संकेतस्थळ चलनात धरते आणि दुसरे धरत नाही, असे बहुधा असावे. ब्लॉक एक्सप्लोररवर त्या कॉइनची सर्वांत मोठी दहा खाती उघडून पाहा. फरकाएवढी शिल्लक एखाद्या खात्यात न हलता पडून असेल, तर लहान आकडा धरा आणि त्या खात्यावर लक्ष ठेवा. ते खाते हलू लागले असेल तर मोठा आकडा धरा. काय सापडते ते इथे लिहा, मलाही पाहायचे आहे.